स्टोअरचा डॅशबोर्ड: आधी ‘किमान’ ठरवा, चार्ट मग

अंधेरीच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं स्टोअर मी सांभाळतो. नवीन मुलं डॅशबोर्ड करायला बसली की आधी चार्टचे रंग निवडतात. पण चार्ट हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. खरी मेहनत खालच्या दोन शीटमध्ये असते.

आम्ही गुगल शीट्स वापरतो. `Txn` शीटमध्ये तारीख, कोड, प्रकार आणि नग, एवढेच चार कॉलम. आवक अधिक, जावक उणे. साइटवरून माल परत आला तर प्रकार `OUT` च ठेवायचा, पण आकडा अधिक लिहायचा. म्हणजे खप आपोआप कमी होतो. मोजणीत सापडलेला फरक मात्र `ADJ` म्हणून वेगळा, कारण तो खप नव्हे. `Items` शीटमध्ये A मध्ये कोड, B मध्ये नाव, C मध्ये किमान साठा. D मध्ये शिल्लक, तीही हाताने कधीच न लिहिता:

```
=SUMIFS(Txn!D:D,Txn!B:B,A2)
```

आता किमान साठा. बहुतेक ठिकाणी तो कुणीतरी अंदाजाने भरलेला असतो. 32 अँपिअरचा कॉन्टॅक्टर घ्या. शिल्लक 8, किमान 5, म्हणजे डॅशबोर्डवर सगळं आलबेल. पण तीन महिन्यांचा खप 18, 22 आणि 35, एकूण 75. महिन्याचे कामाचे दिवस 25 धरले तर रोज सरासरी एक नग जातो, आणि डीलरकडून माल यायला कामाचे 10 दिवस लागतात. आज ऑर्डर दिली तरी दोन दिवस पॅनल अडणार, आणि चार्ट मात्र आज गप्पच.

मी किमान असा काढतो: सगळ्यात जास्त खपाच्या महिन्यातला रोजचा खप, गुणिले माल यायला लागलेले सगळ्यात जास्त दिवस. इथे 35 भागिले 25 म्हणजे 1.4, डीलरने एकदा 14 दिवस लावले होते, गुणाकार 19.6, म्हणून किमान 20. लोहार चाळीतून दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या लगसाठी याच हिशेबाने आकडा अगदी लहान निघतो, आणि तसाच निघायला हवा. सगळ्या मालाला सरसकट ‘एक महिन्याचा साठा’ लावला की रॅक भरतात आणि नेमका कॉन्टॅक्टर संपतो. फक्त एखाद्या मोठ्या ऑर्डरने एकच महिना फुगला असेल तर तो वगळून हिशेब करा.

किमानपेक्षा कमी असलेल्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट लागते: मागवलेला, पण अजून न आलेला माल. तो E कॉलममध्ये ठेवा, नाहीतर तोच आयटम लाल दिसतो म्हणून दुसरा माणूस पुन्हा ऑर्डर टाकतो.

```
=FILTER(Items!A2:E500,Items!D2:D500+Items!E2:E500<Items!C2:C500)
```

माल आला की E मधला आकडा कमी करायचा. एकही आयटम कमी नसेल तर इथे `#N/A` दिसतं, ते ठीक आहे.

जास्त फिरणारा माल नगांवर मोजू नका. केबल टाय हजारांनी जातात, केबल मीटरमध्ये, कॉन्टॅक्टर एकेक. नगांवर चार्ट काढला की वर कायम केबल टायच, आणि त्यातून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी त्या आयटमची जावक किती वेळा झाली ते मोजा:

```
=COUNTIFS(Txn!B:B,A2,Txn!C:C,"OUT",Txn!D:D,"<0")
```

यातले पहिले दहा आडव्या बारमध्ये लावले की कोणता माल काउंटरजवळच्या रॅकवर हवा ते लगेच दिसतं. आमच्याकडे हा चार्ट खरेदीपेक्षा रॅक लावायलाच जास्त कामी आला.

महिन्याच्या खपासाठी पहिल्या ओळीत त्या महिन्याची 1 तारीख लिहा:

```
=-SUMIFS(Txn!$D:$D,Txn!$B:$B,$A2,Txn!$C:$C,"OUT",Txn!$A:$A,">="&G$1,Txn!$A:$A,"<"&EDATE(G$1,1))
```

चार्ट एका वेळी एकाच आयटमचा ठेवा. ड्रॉपडाउनमधून कोड निवडला की बदलेल असा. चालू महिना दाखवू नका. 12 तारखेला तो अर्धवट असतो आणि बघणाऱ्याला खप घसरल्यासारखा वाटतो.

खपाचे आकडे विचित्र वाटले तर आधी तारखा तपासा. शीटचं लोकेल अमेरिकेचं राहिलं असेल तर 05/06 लिहिलेली 5 जून ही 6 मे होते, आणि 13/06 ही तारीख न राहता नुसता मजकूर होते. मजकूर झालेल्या तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटतात आणि वरच्या सूत्रात मोजल्याच जात नाहीत. म्हणून प्रत्येक आयटमच्या सगळ्या महिन्यांची बेरीज आणि `OUT` ची उणे चिन्ह काढलेली एकूण बेरीज शेजारी ठेवून बघा. फरक आला तर मजकूर झालेल्या तारखा सापडतात. महिना बदललेल्या तारखा मात्र बेरजेत पकडल्या जात नाहीत, त्यासाठी इश्यू स्लिपशीच ताडून बघावं लागतं. लोकेल भारताचं केल्यावरही जुन्या चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या नव्याने भराव्या लागतात.