चुकीच्या ग्रुपवर मेसेज गेला? पहिल्या पाच मिनिटांत या चुका टाळा

गेली सहा वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कमिटीचा एक ग्रुप, रहिवाशांचा एक ग्रुप आणि दोन्हींवर सोसायटीचंच नाव. एकाचा मेसेज दुसऱ्यावर पडणं वर्षातून दोन-तीनदा होतंच. मेसेज चुकणं मी समजू शकतो. त्यानंतर घाबरून जे केलं जातं त्याने मात्र दरवेळी जास्त नुकसान होतं, आणि दरवेळी तेच केलं जातं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे घाईत Delete for me दाबणं.

आमच्या खजिनदार काकांचंच सांगतो. मार्च अखेरीस थकबाकीदारांची यादी त्यांना कमिटीच्या ग्रुपवर टाकायची होती. रात्री पावणेदहाला ती गेली रहिवाशांच्या ग्रुपवर. नुसते फ्लॅट नंबर आणि आकडे असते तर एक वेळ निभावलं असतं. पण यादीत शेवटचा रकाना होता ‘शेरा’. त्यात एकापुढे ‘नोकरी गेली, जूनपर्यंत सवलत मागितली’ आणि दुसऱ्या एका फ्लॅटपुढे ‘घरात वाद, कोर्टात केस’ असं लिहिलेलं. त्या माणसांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी होत्या या.

काकांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरलं, कचऱ्याच्या डब्यावर टॅप केलं आणि समोर आलेल्या पर्यायांपैकी Delete for me निवडला. त्यांच्या फोनवरून यादी गायब झाली. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाकी सगळ्यांच्या फोनवर ती जशीच्या तशी होती.

हे बटण चुकून दाबलं तर खाली काही सेकंद Undo दिसतं. तेवढ्यात ते दाबलं की मेसेज परत येतो आणि मग Delete for everyone करता येतं. काकांना ते माहीतच नव्हतं. ते सेकंद गेले की तुमच्या हातात काही उरत नाही, कारण जो मेसेज तुम्हाला दिसतच नाही तो तुम्ही पुसणार कसा?

अशा वेळी एकच दार उघडं असतं: ग्रुपचा अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. काकांनी मला मेसेज टाकला असता तर मी तो अर्ध्या तासाने पाहिला असता. त्यांनी फोन केला. मी जेवत होतो, उष्ट्या हातानेच उचलला आणि डाव्या हाताने यादी डिलीट केली. यादी ग्रुपवर चार मिनिटं होती. म्हणून सांगतो, दुसऱ्या अ‍ॅडमिनचा नंबर पाठ नसला तरी लगेच सापडेल असा ठेवा, आणि त्याला फोनच करा.

आणखी एक नुकसान झालं, ते काकांना नंतर कळलं. ग्रुपवर पाठवलेल्या आपल्या मेसेजच्या Info मध्ये तो कोणाकोणाला पोचला आणि कोणी वाचला हे दिसतं. मेसेज पुसल्यावर ती यादीही जाते. माझी सवय अशी: मेसेज नुसता चावट किंवा वेळ चुकलेला असेल तर आधी Info चा स्क्रीनशॉट घेतो, मग डिलीट करतो. त्यात कोणाची खाजगी माहिती असेल तर तो मोहही टाळतो, आधी डिलीट. त्या रात्री मला Info बघताच आलं नाही, कारण दुसऱ्याच्या मेसेजचं Info अ‍ॅडमिनलाही दिसत नाही. मग कोणी पाहिली ते विचारत बसावं लागलं.

Delete for everyone साठी सध्या दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणून काही जण निवांत असतात, ‘सकाळी काढू’ म्हणतात. मुदत पुसण्याची आहे, वाचण्याची नाही. शिवाय पुसल्यानंतरही काय काय उरतं ते लक्षात घ्या. कोणी फॉरवर्ड केलं तर ती प्रत तशीच राहते, आयफोनवाल्याच्या गॅलरीत सेव्ह झालेला फोटो राहू शकतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशनच्या इतिहासात मजकूर वाचता येतो. तेव्हा ‘डिलीट केलं, कोणी पाहिलं नसेल’ असं धरून पुढे वागू नका.

काही छोट्या चुका. लाजून ग्रुप सोडू नका. बाहेर पडलात की तो मेसेज सगळ्यांसाठी काढण्याचा मार्ग तुम्हीच बंद करता. एडिट करून मजकूर बदलू नका. १५ मिनिटांची ती सोय चुकलेली वेळ किंवा आकडा दुरुस्त करण्यासाठी ठीक आहे, चुकलेल्या ग्रुपसाठी नाही. आणि स्टेटस चुकीच्या लोकांना दिसलं तर प्रायव्हसी बदलत बसू नका. तो बदल पुढच्या स्टेटसला लागतो, टाकलेलं स्टेटस आधी काढा.

आता दुसरी चूक, जिचा मला खरंच कंटाळा आला आहे: डिलीट केल्यावर ग्रुपवर सुरू होणारं स्पष्टीकरण. ‘सॉरी’, ‘चुकून गेलं’, ‘मुलाने फोन घेतला होता’, मग हात जोडलेले इमोजी, मग विषय बदलायला सुविचाराचं चित्र. शंभर जणांपैकी सत्तर जण टीव्ही बघत होते, त्यांनाही आता कळतं की काहीतरी घडलंय. मग कोणीतरी विचारतं, ‘काय होतं?’ आणि ज्याने वाचलंय तो सांगतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा ग्रुपच्या परमिशन्समध्ये जाऊन Send new messages बंद केलं, म्हणजे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील. मग एकच मेसेज टाकला: ‘कमिटीचा अंतर्गत कागद चुकून इथे आला होता, तो काढला आहे. कोणाकडे डाउनलोड झाला असेल तर कृपया काढून टाका आणि पुढे पाठवू नका. क्षमस्व.’ त्यात कागद कशाचा ते लिहिलं नाही, नावं नाहीत, बहाणा नाही. सकाळी ग्रुप पुन्हा खुला केला. रात्रभर बंद ठेवला की लोकांचा राग थंड होतो, पण दोन दिवस बंद ठेवलात तर तोच नवा वाद होतो.

त्यानंतरचं काम ग्रुपवर होत नाही. ज्यांच्याबद्दल ते शेरे होते, त्या दोन्ही घरी काकांनी त्याच रात्री फोन केला, दुसऱ्याकडून कळण्याआधी. नोकरी गेलेल्या गृहस्थांनी यादी पाहिली होती. ते थोडं थांबून म्हणाले, “माझ्या बायकोला अजून सांगितलं नव्हतं हो.” काकांकडे त्यावर उत्तर नव्हतं. त्यांनी माफी मागितली आणि ऐकून घेतलं.

चुकीच्या जागी आधारचा फोटो गेला असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा, पासवर्ड गेला असेल तर तो आधी बदला आणि मगच माफी लिहायला बसा.

या सगळ्याचं मूळ शेअरच्या बटणात आहे. फाइल उघडायची, शेअर दाबायचं आणि वर सुचवलेल्या पहिल्याच गोलावर टॅप करायचं, ही घाई मी कमिटीत बंद करायला लावली. आधी ग्रुप उघडायचा, वरचं नाव वाचायचं आणि मग आतल्या पेपरक्लिपने फाइल जोडायची. दहा सेकंद जास्त लागतात. रहिवाशांच्या ग्रुपचा फोटो आम्ही गेटचा ठेवला आणि कमिटीच्या ग्रुपला भगभगीत लाल चौकोन. आणि थकबाकीच्या यादीत आता ‘शेरा’ हा रकाना नाही. ती माहिती काकांच्या वहीत असते.