३० सेकंदांच्या तुकड्यापासून पूर्ण गाणं: लय आणि पट्टी कशी टिकवायची

एआयकडून मिळालेला तुकडा आवडला की नवा माणूस लगेच ‘एक्स्टेंड’ दाबतो. दोन-तीन वेळा वाढवून गाणं तीन मिनिटांचं होतं, पण दुसऱ्या ध्रुवपदाला पोहोचेपर्यंत ते किंचित सैल पडलेलं असतं किंवा सूर चढलेला असतो. ऐकताना काहीतरी खटकतं आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. ही चूक बहुतेक वेळा पहिल्याच वाढीत झालेली असते, म्हणून मोजमाप तिच्या आधी करावं.

गाणं बनवणाऱ्या एआय मॉडेलच्या आत मेट्रोनोम नसतो. आधीचा आवाज ऐकून पुढे काय यावं, याचा ते अंदाज बांधत जातं. तेही मागचं सगळं ऐकत नाही, ठरावीक लांबीच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच पाहतं. मेटाचं म्युझिकजेन हे उघडं मॉडेल घ्या. त्याची खिडकी ३० सेकंदांची आहे. त्याहून लांब संगीत हवं असेल तर खिडकी पुढे सरकते आणि मागचा थोडा भाग आधार म्हणून राहतो. किती सरकायचं ते आपण ठरवू शकतो:

```
model.set_generation_params(duration=60, extend_stride=10)
```

इथे खिडकी दर वेळी १० सेकंद सरकते, म्हणजे मागचे २० सेकंद आधाराला राहतात. मूळ सेटिंग १८ चं आहे, त्यात आधार १२ सेकंदांवर येतो. आधार कमी असेल तर लय आणि पट्टी सुटण्याची शक्यता वाढते. वेब साधनांत ही संख्या बहुधा दिसत नाही, पण मर्यादा तिथेही असते. दोन मिनिटांपूर्वीची मूळ लय मॉडेलला ‘आठवेल’ असं गृहीत धरू नये.

आता एक तुकडा प्रत्यक्ष मोजू. लांबी ३० सेकंद, चार मात्रांचा ठेका, पट्टी ए मायनर, म्हणजे षड्ज पांढरी सहा. ऑडिओ एडिटरमध्ये लहर मोठी करून पहिली सम शोधा. ती शून्यावर क्वचितच असते, समजा ०.४२ सेकंदावर आहे. मग आठ बार, म्हणजे चार मात्रांची आठ आवर्तनं, सोडून नवव्या बारची सम शोधा, ती २०.४२ वर सापडते. ३२ मात्रांना बरोबर २० सेकंद लागले, म्हणजे लय मिनिटाला ९६ मात्रा, अर्थात ९६ बीपीएम, आणि एक बार २.५ सेकंदांचा. दोन लगतच्या ठोक्यांवरून लय काढू नका, तिथे शतांश सेकंदाची चूकही मोठी ठरते. आपोआप लय ओळखणारी साधनं कधीकधी ४८ किंवा १९२ दाखवतात. ती निम्मी-दुप्पट झालेली असते, घाबरायचं कारण नाही. पट्टीचंही तसंच: ए मायनर आणि सी मेजर यांचे स्वर एकच असल्याने साधन दोन्हींत गोंधळतं. चाल कुठल्या स्वरावर विसावते, ते कानाने ठरवा.

समजा या तुकड्यात चार बारचं सुरुवातीचं संगीत आणि मग आठ बारचं ध्रुवपद आहे. एकूण बारा बार म्हणजे ३० सेकंद, पण पहिली सम ०.४२ वर असल्याने ध्रुवपद ३०.४२ ला संपायला हवं होतं. फाइल त्याआधीच तुटते. शेवटापासून वाढवलं तर मॉडेलला अर्धवट स्वर मिळतो आणि उरलेला बार ते मनाने भरतं. अशा जागी अर्धा बार जास्त घुसण्याचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून ध्रुवपदाचा दुसरा अर्धा भाग सोडून द्या आणि २०.४२ पासून वाढवा. साडेनऊ सेकंदांचं चांगलं संगीत टाकायला जीव होत नाही, पण तो तुकडा वेगळा जपून ठेवता येतो. वाढीचा बिंदू समेवर आणि ओळ संपते तिथे असणं जास्त महत्त्वाचं.

वाढवताना शैलीचं वर्णन शब्दशः तेच ठेवा. बदल फक्त भागाच्या खुणेत आणि शब्दांत करा, उदाहरणार्थ [Verse] किंवा [Chorus]. अंतऱ्यासाठी ‘जोशपूर्ण’ असा एक शब्द जरी घातला, तरी लय पुढे पळू शकते. वर्णनात ‘९६ बीपीएम, ए मायनर’ लिहायला हरकत नाही, पण मॉडेल ती सूचना म्हणून घेतं, बंधन म्हणून नाही. खरा आधार आवाजाचाच. अंतऱ्याच्या ओळींची अक्षरंही ध्रुवपदाच्या ओळींच्या आसपास असू द्या. दोन बारमध्ये १२ अक्षरं गाऊन झाली आणि पुढे एकदम २० आली, तर गाणारा आवाज एक तर धावतो किंवा ओळ तिसऱ्या बारमध्ये सांडते.

प्रत्येक वाढ आली की पुढची मागण्याआधी तपासा. एडिटरची लय ९६ वर ठेवा आणि पहिली सम बाररेषेवर आणा. अंतऱ्यानंतरचं ध्रुवपद ३७ व्या बारला सुरू होणार असेल, तर त्याची सम ९०.४२ ला हवी. समजा ती ९१.१२ ला आली. आता उशीर कसा साठला ते पाहा. दर बारला थोडाथोडा वाढत गेला असेल, तर लय मंदावली आहे: वाढीतले २८ बार ७० ऐवजी ७०.७ सेकंदांत झाले, म्हणजे लय सुमारे ९५. तो भाग टाइम-स्ट्रेचने ९९ टक्के लांबीवर आणला की जुळतो. एवढा बदल कानाला कळत नाही. तीन-चार टक्क्यांच्या पुढे मात्र ताशीव ठोके विरघळल्यासारखे वाटतात, तिथे नवी वाढ मागवणंच बरं. आणि दुसऱ्या एखाद्या वाढीत उशीर एकाच जागी, नेमका १.२५ सेकंदांचा उद्भवला असेल, तर लय ठीक आहे, मॉडेलने दोन मात्रा जास्त घातल्यात. तिथे स्ट्रेच केल्यास उरलेलंही बिघडतं. जास्तीच्या मात्रा कापा आणि सांध्यावर १० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या.

पट्टीसाठी सगळ्यात भरवशाची कसोटी तानपुऱ्याची. पांढरी सहाचा षड्ज-पंचम पूर्ण गाण्याखाली वाजता ठेवा. पट्टी जिथे सरकते, तिथे तो लगेच बोचू लागतो. एखाद्या स्वराशी तात्पुरता होणारा विसंवाद वेगळा, तो ओळीच्या शेवटी सुटतो. ओळ षड्जावर येऊनही बोच राहिली तर पट्टी बदलली आहे. मूळ तुकडाच १५-२० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जेमतेम पाचव्या भागाइतका, चढा असेल तर तानपुराही तेवढा चढवून घ्या, नाहीतर सुरुवातीपासूनच खोटी शंका येईल. एक पूर्ण स्वर चढलेली वाढ पिच-शिफ्टने उतरवू नका, गायकाचा आवाज जड आणि परका होतो.

बिघडलेल्या वाढीवर पुढची वाढ कधीच चढवू नका. मॉडेलच्या दृष्टीने आता ९५ हीच खरी लय असते आणि ते ती इमानाने पुढे नेतं. वाढीवर वाढ करत गेल्याने वरच्या फ्रिक्वेन्सींतला खुलेपणाही कमी होत जातो आणि झांजा खरखरतात.

म्हणून पूर्ण गाणं मॉडेलकडून घेऊ नये. ८० बारचं, ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं धरा: ४ बार सुरुवात, ८ ध्रुवपद, ८ संगीत, १६ अंतरा, ८ ध्रुवपद, ८ संगीत, १६ अंतरा, ८ ध्रुवपद, ४ शेवट. यात ध्रुवपद तीनदा येतं, पण ते एकदाच घडवायचं. नीट जमलेले आठ बार उचलून ३७ व्या आणि ६९ व्या बारला ठेवायचे. मधलं संगीतही तसंच. मॉडेलकडून खऱ्या अर्थाने मागायचे ते ध्रुवपदाचा उरलेला अर्धा भाग, एकदा मधलं संगीत, दोन अंतरे आणि शेवट. दुसरा अंतरा मागताना पहिल्या अंतऱ्याच्या शेवटापासून वाढवू नका. मधलं संगीत संपतं त्या समेपर्यंतचं दुरुस्त केलेलं ध्वनिमुद्रण एकसंध फाइल म्हणून परत चढवा आणि तिथून वाढवा, म्हणजे खिडकीत तुमची मोजलेली ९६ चीच लय दिसेल.