केसपेपरला किती खिडक्या लागतात? रजिस्टरला विचारू नका

तासाला किती माणसं येतात आणि एका माणसाला किती मिनिटं लागतात, या दोन आकड्यांचा गुणाकार करून ६० ने भागलं की काम झालं, असं सगळे सांगतात. गणित बरोबरच आहे. माती होते ती पहिला आकडा आणताना. मी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपरच्या खिडक्या बरीच वर्षं सांभाळल्या आणि पहिल्या खेपेला नेमका इथेच सपशेल फसलो.

आमच्याकडे तीन खिडक्या होत्या. मी संगणकातल्या रजिस्टरवरून दर तासाला निघालेले केसपेपर मोजले (आकडे इथे जरा सोपे करून देतो): ८ ते ९ मध्ये ४८, पुढच्या तीन तासांत प्रत्येकी ७२ आणि १२ ते १ मध्ये ५४. एका केसपेपरला अडीच मिनिटं. ७२ गुणिले २.५ भागिले ६० म्हणजे ३. 'तीन खिडक्या पुरतात' असं मी लिहून दिलं. बाहेर रांग पार जिन्यापर्यंत गेलेली होती!

रजिस्टर आलेली माणसं दाखवत नाही, सुटलेली माणसं दाखवतं. तीन खिडक्यांतून तासाला ७२ च्या वर कुणी सुटूच शकत नाही, मग बाहेर ७५ उभे असोत की दीडशे. ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठ दोन-तीन तास आकडा जवळपास तोच दिसला, तर तो गर्दीचा आकडा नाही, तुमच्या खिडक्यांच्या दमाचा आहे. माणसं कधी इतक्या शिस्तीत येत नाहीत.

मग एका शिपायाला दाराशी बसवलं. रांगेत नवा माणूस लागला की कागदावर एक रेघ. अशा निघाल्या ४८, ९६, ८४, ६० आणि ३०. बेरीज दोन्हीकडे ३१८च, म्हणून तर दिवसाची बेरीज जुळवून बघणाऱ्याला संशयही येत नाही. पण १० वाजता २४ माणसं शिल्लक होती, ११ वाजता ३६. म्हणजे अकराला आलेल्या आजीबाईंच्या पुढे अर्ध्या तासाची रांग.

मोजणी एका दिवसाची नको. सोमवार घ्याच, आणि एक साधा वारही घ्या.

वेळ मोजायला मात्र तेच रजिस्टर कामाला येतं. ज्या तासात रांग एकदाही तुटली नाही, त्या तासात एका खिडकीतून २४ केसपेपर निघाले, म्हणजे एकाला अडीच मिनिटं. घड्याळ घेऊन शेजारी उभे राहू नका. बाबू त्या दिवशी भरभर हात चालवतो, आणि सुट्टे पैसे शोधण्यात किंवा प्रिंटरचा कागद बदलण्यात गेलेला वेळ तुम्ही सोडून देता.

आता ९ ते १० चा हिशोब: ९६ गुणिले २.५ भागिले ६०, उत्तर बरोबर ४. म्हणून चार खिडक्या? अजिबात नाही. माणसं झुबक्याने येतात. एसटी लागली की पंधरा जण एकदम, मग पाच मिनिटं कुणीच नाही. रिकामी गेलेली ती मिनिटं परत मिळत नाहीत, त्यामुळे चार खिडक्यांवर रांग वाढतच जाते. उत्तर पूर्णांकात आलं तर पुढचा आकडा ही किमान पायरी समजा.

पाच पुरतील का, हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांगच्या १९१७ च्या सूत्रातून कळतं. एक्सेलमध्ये ते एका ओळीत बसतं:

```
=POISSON.DIST(5,4,FALSE)/(POISSON.DIST(5,4,FALSE)+(1-4/5)*POISSON.DIST(4,4,TRUE))
```

यात ५ म्हणजे खिडक्या, प्रत्येक POISSON.DIST मधला दुसरा आकडा ४ आणि 4/5 मधला ४ म्हणजे आपला वर निघालेला भार, आणि शेवटच्या POISSON.DIST मधला पहिला ४ म्हणजे खिडक्या वजा एक. उत्तर ०.५५. शंभरातल्या ५५ जणांना थांबावं लागेल. त्याला २.५ ने गुणून (५ वजा ४) ने भागा: सरासरी थांबा १.४ मिनिटं. सहा खिडक्यांवर तोच २१ सेकंदांवर येतो. सहाव्या माणसाचा पगार त्या एका मिनिटासाठी मी तरी मागणार नाही.

हे सूत्र एकच रांग धरून चालतं. प्रत्येक खिडकीची वेगळी रांग ठेवलीत तर एका खिडकीवर आधार कार्डाचा घोळ चालू आणि शेजारची मोकळी, असं होतं, आणि थांबा या आकड्याहून वाढतो. दोरी लावा, एकच रांग करा. एसटीचा लोंढा ठरलेल्या वेळी येत असेल तर मोजणीही पंधरा-पंधरा मिनिटांनी करा, तासाची सरासरी तो गिळून टाकते.

बाकीच्या तासांना तीच रीत. आमच्याकडे ८ ला तीन, ९ ते ११ पाच, ११ ते १२ चार आणि नंतर दोन खिडक्या ठरल्या. नवीन भरती मागितलीच नाही. रेकॉर्ड रूममधले दोघे सकाळी ९ ते ११ आणि त्यातला एक १२ पर्यंत खिडकीवर बसायला लागले आणि फाइली लावायचं काम दुपारी गेलं.