गिफ्ट कार्डचा कोड रिडीम होत नाही? घाईघाईने अकाउंटचा देश बदलू नका

कोड बरोबर टाकला तरी ‘हा कोड तुमच्या देशात चालत नाही’ असा मेसेज येतो, आणि बहुतेक जण लगेच सेटिंगमध्ये जाऊन देश बदलतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एक उदाहरण घेऊ. ॲपल अकाउंट जर्मनीचं आहे आणि अमेरिकेतल्या मावशीने तिकडेच घेतलेलं ५० डॉलरचं कार्ड पाठवलं. कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या अकाउंटवर ते चालतं. तुम्ही त्या क्षणी कुठे बसला आहात याला महत्त्व नाही. म्हणूनच व्हीपीएन लावून काही साधत नाही, उलट अकाउंटवर संशय येऊ शकतो.

आता देश बदलायचा ठरवलाच, तर आधी खात्यातला शिल्लक बॅलन्स संपवावा लागतो. ३ युरो उरले असतील आणि तेवढ्यात काहीच येत नसेल, तर ॲपल सपोर्टशी बोलावं लागतं. चालू सबस्क्रिप्शन रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबायचं. आणि बहुतेकदा नव्या देशात चालणारी पेमेंटची पद्धतही द्यावी लागते. एका कार्डासाठी एवढा खटाटोप, आणि परत यायचं म्हटलं की तोच सगळा फेरा उलटा.

गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातला बॅलन्स नव्या देशात वापरता येत नाही. प्लेस्टेशनवर तर अकाउंट उघडताना निवडलेला देश नंतर बदलतच नाही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कार्डाची मागची बाजू किंवा आलेला ईमेल नीट वाचणं. चलनाचं चिन्ह आणि ‘फक्त अमुक देशात वैध’ ही ओळ तिथे सापडते. मग अकाउंटच्या सेटिंगमधला देश पाहा. दोन्ही जुळत नसतील तर कोड पुन:पुन्हा टाकत बसू नका, कारण बऱ्याच चुकीच्या प्रयत्नांनंतर रिडीम करणं काही काळ बंद होऊ शकतं. मावशीला पावती जपून ठेवायला सांगा आणि न वापरलेलं कार्ड विक्रेता बदलून देतो का ते विचारायला लावा. तो नाही म्हणाला, तर अमेरिकन अकाउंट असलेल्या घरच्याच माणसाला ते वापरू द्या. ‘कोडचा फोटो पाठवा, रिडीम करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र कोड कधीही दाखवू नका. कोड दिला म्हणजे पैसे दिले.

देश जुळतोय आणि तरी कोड अडतोय? मग वॉलेटची मर्यादा तपासा. बॅलन्सला कमाल रक्कम ठरलेली असते आणि कार्ड सहसा तुकड्यांत जमा होत नाही. मर्यादेला ३० बाकी असतील आणि कार्ड ५० चं असेल, तर अख्खं कार्ड नाकारलं जातं. अशा वेळी आधी काहीतरी खरेदी करून निदान २० ची जागा करा आणि तोच कोड पुन्हा टाका.