अर्ज कुठून गेला, मुलाखत कुठून आली: नोकरी शोधताना तक्ता कसा ठेवावा

माझी मावसबहीण चिंचवडला राहते आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर आहे. नोकरी बदलायची म्हणून तिने नऊ आठवड्यांत ८४ अर्ज केले आणि सगळे गुगल शीटमध्ये नीट लिहूनही ठेवले. एका रविवारी फोन आला, "दादा, हिशोब केला. आठ मुलाखती आल्या, त्यातल्या तीन लिंक्डइनच्या. आता बाकीचं सगळं बंद करते आणि तिथेच अर्ज करत बसते."

मी म्हटलं, थांब, त्या तीन ओळी मला वाचून दाखव. पहिली भोसरीची कंपनी होती. जाहिरात तिने लिंक्डइनवर पाहिली होती हे खरं, पण तिथलं अर्जाचं बटण तिने दाबलंच नव्हतं. तिच्या जुन्या कारखान्यातला एक सहकारी आता त्या कंपनीत आहे. तिने त्याला फोन केला, त्याने बायोडेटा आपल्या साहेबांकडे पाठवला आणि चौथ्या दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. दुसरी ओळही तशीच निघाली. तिसऱ्या ठिकाणी तिने कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन अर्ज भरला होता. म्हणजे लिंक्डइनवरून थेट केलेल्या अर्जातून एकही मुलाखत आलेली नव्हती. तिच्या तक्त्यात "सोर्स" नावाचा एकच रकाना होता, आणि त्या एका रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या.

आधी रकाने

म्हणून सगळ्यात आधी सोर्सचे दोन रकाने करा. एक "कुठे कळलं" आणि दुसरा "कोणत्या वाटेने गेला". जाहिरात कुठे दिसली ते पहिल्यात लिहायचं आणि बायोडेटा शेवटी कोणाच्या हातून कंपनीत पोहोचला ते दुसऱ्यात. कोणती वाट चालते हा हिशोब नेहमी दुसऱ्या रकान्यावर करायचा. पहिला रकाना फक्त रोज कुठे नजर टाकायची एवढं ठरवायला उपयोगी पडतो.

बाकीचे रकाने मोजकेच ठेवा, कारण वीस रकान्यांचा तक्ता दुसऱ्या आठवड्यात कोणी भरत नाही. आम्ही असे ठेवले: A अर्जाची तारीख, B कंपनी, C पद, D कुठे कळलं, E कोणत्या वाटेने गेला, F किती मिनिटं लागली, G मुलाखत ठरली ती तारीख, H कुठे अडलं आणि का.

E रकान्यात हाताने टाइप करू नका. एकदा "ओळख", एकदा "ओळखीतून" आणि एकदा मागे चुकून स्पेस पडलेलं "ओळख " असं लिहिलं गेलं की शीटला ते तीन वेगळे मार्ग वाटतात. रकाना निवडून `Insert` मधून `Dropdown` घ्या आणि चारच पर्याय द्या: पोर्टल, वेबसाइट, ओळख, कन्सल्टंट. लिंक्डइनवर थेट केलेला अर्ज "पोर्टल" मध्येच धरा. फार बारीक वाटण्या केल्या की प्रत्येकीत चार-पाच अर्ज उरतात आणि त्यावरून काहीच कळत नाही.

तारखांचा घोटाळा सहज लक्षात येत नाही, म्हणून तो सुरुवातीलाच निस्तरा. `File` मध्ये `Settings` उघडा आणि `Locale` ला `India` निवडा. तिथे अमेरिका असेल तर ५ मार्चची तारीख ३ मे म्हणून बसते. तारखेचे आकडे इंग्रजी टाका. देवनागरी आकड्यांतली तारीख शीटला फक्त अक्षरं वाटू शकते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख रकान्यात आपोआप उजवीकडे सरकते, अक्षरं समजली गेली तर डावीकडे चिकटून राहते.

यश कशाला म्हणायचं

ऑफर लेटर मोजून मार्गांची तुलना होत नाही, कारण ऑफर फार तर एक-दोन येतात. एचआरचे फोन मोजावेत तर ते फार स्वस्त असतात. "नोटीस पिरियड किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती" एवढं विचारून फोन ठेवतात आणि पुढे काहीच होत नाही. म्हणून मधली पायरी धरा. कामाची माहिती असलेल्या माणसाशी मुलाखत ठरली, तारीख आणि वेळ मिळाली, की G रकाना भरायचा. नुसता चौकशीचा फोन आला तर G रिकामाच ठेवा.

आता एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. परवा केलेल्या अर्जाला उत्तर आलेलं नाही, म्हणून तो वाया गेला असं धरता येत नाही. एखाद्या मार्गाने याच आठवड्यात बरेच अर्ज केले असतील तर तो मार्ग विनाकारण कमकुवत दिसतो. त्यासाठी ठरावीक दिवस उलटलेलेच अर्ज मोजायचे. ते दिवस किती, हे स्वतःच्या तक्त्यातूनच काढा: G मधून A वजा करून पाहा. बहिणीच्या मुलाखतींपैकी एक सोडता सगळ्या १८ दिवसांच्या आत ठरल्या होत्या, म्हणून आम्ही २१ दिवस धरले. हा नियम मुलाखत ठरलेल्या ताज्या अर्जालाही लावा. नाहीतर ताज्यांपैकी यश मिळालेलेच तेवढे मोजले जातात आणि टक्केवारी फुगते.

बाजूच्या रिकाम्या रकान्यांत प्रत्येक मार्गासाठी तीन सूत्रं लिहायची: पिकलेले म्हणजे २१ दिवस उलटलेले अर्ज, त्यांतून ठरलेल्या मुलाखती आणि त्यांवर गेलेली मिनिटं.

```
=COUNTIFS(E:E,"ओळख",A:A,"<="&TODAY()-21)
=COUNTIFS(E:E,"ओळख",A:A,"<="&TODAY()-21,G:G,"<>")
=SUMIFS(F:F,E:E,"ओळख",A:A,"<="&TODAY()-21)
```

दुसऱ्या सूत्रातल्या `"<>"` चा अर्थ "रिकामं नाही" असा आहे. म्हणून G मध्ये डॅश किंवा "नाही" असं काही लिहू नका. तेही मुलाखत म्हणून मोजलं जाईल.

आकडे आले, आता वाचायचे कसे

E रकाना दुरुस्त केल्यावर बहिणीच्या ८४ अर्जांपैकी ७३ पिकलेले निघाले. पोर्टलवरून ४६ अर्ज आणि २ मुलाखती, वेबसाइटवरून १२ आणि १, कन्सल्टंटमार्फत ८ आणि २, ओळखीतून ७ आणि ३. ज्या ओळखीकडे तिचं लक्षही नव्हतं, तीच वर आली.

पण सात अर्जांवर लगेच भरवसा ठेवायचा का? यासाठी मी एक साधी तपासणी करतो. पुढे असलेल्या मार्गाची एक मुलाखत कमी धरायची, मागे असलेल्याची एक जास्त धरायची, आणि क्रम उलटतो का ते पाहायचं. ओळख ७ पैकी २ झाली आणि पोर्टल ४६ पैकी ३ झालं, तरी ओळख कितीतरी पुढेच राहते. म्हणजे हा फरक धरून चालायला हरकत नाही. वेबसाइट आणि पोर्टलमध्ये मात्र तसं नाही. वेबसाइटची ती एकुलती मुलाखत काढली की तिथे शून्य उरतं, म्हणून या दोघांत चांगलं कोण हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. ते तसंच सोडायचं.

शून्याबद्दलही घाई नको. संख्याशास्त्रात यासाठी एक ठोकताळा आहे: एकही यश नसेल तर ३ ला अर्जांच्या संख्येने भागा. खरा दर साधारण तिथपर्यंत असू शकतो. १० अर्जांत शून्य आलं तरी तो मार्ग तीस टक्क्यांपर्यंत चांगला असू शकतो. ३० अर्जांत शून्य आलं तर मर्यादा दहा टक्क्यांवर येते. दहा अर्ज करून "इथे काही होत नाही" म्हणत मार्ग सोडणारे मी बरेच पाहिलेत, आणि वाईट वाटतं.

मग वेळ पाहा. पोर्टलचा अर्ज तिला १० मिनिटं घेत होता, वेबसाइटचा ४५, कन्सल्टंटशी बोलणं २० आणि ओळखीतला एक तास, कारण त्यात फोन, चौकशी आणि त्या कामापुरता बदललेला बायोडेटा असं सगळं आलं. एका मुलाखतीमागे ओळखीतून २ तास २० मिनिटं गेली, पोर्टलवरून ३ तास ५० मिनिटं आणि वेबसाइटवरून ९ तास. कन्सल्टंटमार्फत फक्त ८० मिनिटं. नुसत्या वेळेवर पाहिलं तर कन्सल्टंट जिंकला.

इथे H रकाना कामाला आला. कन्सल्टंटच्या दोन्ही मुलाखतींपुढे तिने एकच कारण लिहिलं होतं: "नोकरी थर्ड पार्टी पेरोलवर". म्हणजे काम त्या कंपनीत, पण नेमणूक आणि पगार दुसऱ्याच एजन्सीकडून. तिला तशी नोकरी नको होती. म्हणजे मार्ग मुलाखती देत होता, पण तिला नको असलेल्या जागांच्या. त्यावर तिने कन्सल्टंट बंद केले नाहीत. फोनवर पहिलाच प्रश्न पेरोल कोणाचा हा विचारायला लागली. H मध्ये "नाही झालं" एवढंच लिहिलं असतं तर हे कळलं नसतं. म्हणून तिथे पायरी आणि कारण दोन्ही लिहा: "दुसरी फेरी, पगार जुळला नाही", "पहिली फेरी, ड्रॉइंग वाचण्यात अडले".

कन्सल्टंटबाबत तक्त्याचा आणखी एक उपयोग आहे. त्यांना होकार देण्याआधी कंपनीचं नाव विचारा आणि B रकान्यात शोधा. एकाच कंपनीत तुमचा बायोडेटा आधी पोर्टलवरून आणि मग कन्सल्टंटकडून गेला तर उमेदवार कोणाचा यावरून वाद होतो, आणि अनेक कंपन्या असा अर्ज सरळ बाजूला ठेवतात. कन्सल्टंट नाव सांगायला तयार नसेल तर बायोडेटा पुढे पाठवण्याची परवानगी देऊ नका.

वेळ पुन्हा वाटताना

आठवड्याला तिच्याकडे शिफ्ट सांभाळून सहा तास होते. त्यातले चार ओळखीला दिले, एक पोर्टलला, आणि उरलेला एक वेबसाइट व कन्सल्टंट मिळून. कुठलाही मार्ग पूर्ण बंद केला नाही, कारण बंद केलेल्या मार्गाचे आकडे वाढत नाहीत आणि आपण चुकलो होतो का हे पुढे कधीच कळत नाही. वाटणी एकदा ठरली की चार आठवडे बदलू नका. दर रविवारी बदललीत तर २१ दिवस उलटायच्या आतच नवा निर्णय घेऊन बसाल.

ओळखीची अडचण वेगळी आहे. पोर्टलवर रोज नव्या जाहिराती येतात, माणसं मात्र मोजकी असतात. शिवाय ओळखीतून आपण शक्यतो जुळणाऱ्या जागेसाठीच शब्द टाकतो, त्यामुळे तिथला दर थोडा वरचढ दिसणारच. अर्ज दुप्पट केले म्हणून मुलाखती दुप्पट होतीलच असं नाही. तिसऱ्या आठवड्यात बहिणीची यादी संपत आली, तेव्हा आम्ही त्याच फाइलमध्ये दुसरं पान उघडलं. त्यात जुने सहकारी, कॉलेजचे वर्गमित्र आणि कारखान्यात येणारे सप्लायर, प्रत्येकापुढे तो आता कुठे आहे आणि शेवटचं बोलणं कधी झालं. पहिल्या संध्याकाळी तिला अकरा नावं आठवली. जेवताना मावशीने आणखी तीन सांगितली, त्यातलं एक रांजणगावच्या एमआयडीसीतलं होतं.