स्विमिंग कॉस्च्युम दोन महिन्यांत सैल पडतोय? या चुका टाळा

एप्रिलमध्ये उन्हाळी बॅचसाठी घेतलेला कॉस्च्युम मेअखेरीस पार ढिला पडतो. पट्टे खांद्यावरून घसरतात, मांडीपाशी कापडाला लाटा येतात, आणि ओला झाला की पाठीमागे आरपार दिसायला लागतं. मग "कापडच हलकं होतं" म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. कापड कधीकधी हलकं असतंही. पण बरेचदा दोष असतो पाण्यातून बाहेर आल्यानंतरच्या आपल्या सवयींचा.

कॉस्च्युमच्या आतल्या लेबलवर बहुधा ८० ते ८२ टक्के नायलॉन आणि १८ ते २० टक्के इलास्टेन असं लिहिलेलं असतं. स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा म्हणतात ते हेच. कापडाचा आकार नायलॉन धरून ठेवतं, पण ताणल्यावर ते पुन्हा जागेवर आणण्याचं काम या पाचव्या हिश्श्याचं. इलास्टेन हे पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्यांचं बनलेलं असतं. साखळीचे काही भाग मऊ आणि लांबणारे असतात, तर काही कडक भाग एकमेकांना घट्ट धरून बसतात. म्हणूनच हा धागा पाचपट ताणला तरी परत आखडतो.

टँकच्या पाण्यात लिटरमागे साधारण एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन राखतात. जंतू मारणारं हे रसायन साखळीच्या दोन्ही भागांवर हल्ला करतं आणि ती मधेमधे तोडत जातं. तुटलेला धागा ताणला तर जातो, पण परत येत नाही. नायलॉन जागेवर असल्यामुळे कापड फाटत नाही, नुसतं लोंबतं. एकदा तुटलेली साखळी कशानेही जोडली जात नाही, त्यामुळे सैल पडलेला कॉस्च्युम घट्ट करून देणारा घरगुती उपाय कोणी सांगितला तर त्यावर पैसे घालू नका.

एक रोजचा दिवस

आमच्या शेजारची सातवीतली मुलगी सकाळच्या बॅचला जाते. तिचा कॉस्च्युम लवकर गेला, तेव्हा तिच्या आईबरोबर बसून मी रोजचा क्रम विचारून घेतला. पोहून झालं की अंगावर पाणी घ्यायचं ते कॉस्च्युम काढून. ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सॅकमध्ये, तिथून थेट चित्रकलेचा वर्ग. दुपारी घरी आल्यावर तो बाकीच्या कपड्यांबरोबर साबणाच्या पावडरीत भिजायचा, मग पिळून गच्चीवर कडक उन्हात.

यातली सगळ्यात महाग चूक पिशवीची. पोहताना क्लोरीनचा जो मार बसतो तो काही टळत नाही. पण कापडात उरलेलं क्लोरीन पाण्याबाहेर आल्यावर लगेच नाहीसं होत नाही. बंद पिशवीत, सॅकच्या उबेत, ते इलास्टेनला लागूनच राहतं, आणि उष्णतेने अशी अभिक्रिया वेग घेते. उपाय फुकटचा आहे: टँकवरच्या शॉवरखाली कॉस्च्युम अंगात असतानाच दोन मिनिटं उभं राहायचं. कापड चिमटीत धरून अंगापासून सोडवायचं, म्हणजे पाणी अस्तरामधून आणि मांडीच्या इलास्टिकमधून जाईल. दुहेरी कापडात टँकचं पाणी सर्वांत जास्त अडकतं आणि नेमकं तेच धुवायचं राहतं.

नळाच्या पाण्यातही थोडं क्लोरीन असतंच, मग फायदा काय, असं त्या माउलीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण नळाच्या पाण्यातलं प्रमाण टँकपेक्षा बरंच कमी असतं, आणि टँकच्या पाण्यातली बाकीची रसायनं, घाम, अंगाचं तेल हेही त्याबरोबर निघून जातं. पोहायला उतरण्याआधी कॉस्च्युम साध्या पाण्याने भिजवून घेतला तर आणखी बरं. आधीच भिजलेलं कापड टँकचं पाणी कमी ओढतं.

घरी आल्यावर अर्धी बादली थंड पाणी, त्यात सौम्य लिक्विड साबणाचे काही थेंब, पंधरा मिनिटं भिजवणं आणि हाताने हलकं चुबकणं, एवढं पुरतं. गरम पाणी नको, कपडे पांढरे करणारं ब्लीच तर अजिबात नको, कारण घरगुती ब्लीचमध्ये तेच क्लोरीन कितीतरी तीव्र असतं. पिळ्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पिळ्याने आधीच कमजोर झालेले धागे तटातट तुटतात.

समुद्राची गोष्ट वेगळी

खारं पाणी इलास्टेन खातं असं सर्रास म्हटलं जातं, ते तितकंसं खरं नाही. मीठ क्लोरीनसारखं साखळी तोडत नाही. त्याचा त्रास सुरू होतो तो वाळताना. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. दाबून काढल्यावरही कापडात १०० मिलिलिटर पाणी उरलं, तर साडेतीन ग्रॅम मीठ धाग्यांमध्येच स्फटिक होऊन बसतं. कापड कडक होतं, आणि पुन्हा अंगात घालून ताणलं की ते कण आणि किनाऱ्यावरची बारीक वाळू धाग्यांवर घासत राहतात. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे कोकणच्या दमट हवेत असा कॉस्च्युम धड वाळत नाही आणि त्याला वास मारायला लागतो.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला गेलात की सकाळचा कॉस्च्युम तसाच वाळवून संध्याकाळी पुन्हा घालण्याचा मोह होतो. तो आवरा आणि मधे एकदा गोड्या पाण्यात खळबळून घ्या. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं आणि बोअरचं पाणी मचूळ असतं, त्याने मीठ पूर्ण निघत नाही. जिभेला खारट लागलं तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्या. वाळू मात्र ओल्या कापडातून खरवडून काढू नका. सावलीत वाळल्यावर कापड हलकेच ताणून झटकलं की ती सुटते.

उन्हात वाळवणं

कपडे कडक उन्हात वाळवावेत हा आपल्याकडचा संस्कार सुती कपड्यांसाठी योग्यच आहे. इलास्टेनला मात्र अतिनील किरणं सोसत नाहीत. त्याच्या साखळ्या उन्हानेही तुटतात, पांढरा धागा पिवळा पडतो, आणि भडक रंग उडतात. कापडात क्लोरीन किंवा मीठ उरलेलं असेल तर दोन्ही नुकसानं एकावर एक बसतात. त्यामुळे धुतल्यावर सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळत घाला. पट्ट्यांवर टांगू नका, ओल्या कापडाचं वजन पट्टे लांबवतं. कमरेपाशी दुमडून दोरीवर टाका. पावसाळ्यात खोलीत पंख्याखाली ठेवला तरी हे पातळ कापड बहुधा रातोरात वाळतं.

नुकसान कशाने झालंय ते कापडच सांगतं. कॉस्च्युम उजेडासमोर धरून हलकेच ताणा. फक्त बसायच्या जागी विरळ असेल तर टँकच्या खरखरीत कठड्यावर बसून घासलाय, तिथे टॉवेल घेऊन बसा. सगळीकडे सारखाच सैल असेल आणि शिवणीपाशी बारीक पांढरी टोकं बाहेर डोकावत असतील, तर ते तुटलेलं इलास्टेन आहे, म्हणजे क्लोरीनचं काम. शक्य असेल तर दोन कॉस्च्युम आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो.

रोज पोहणाऱ्यांना मात्र मी वेगळं कापड सुचवेन. पॉलिएस्टर आणि पीबीटी असं लेबल असलेल्या कॉस्च्युममध्ये इलास्टेन नसतंच. ताण पीबीटीच्या धाग्यातून येतो, आणि तो क्लोरीनला खूप जास्त काळ दाद देत नाही. अंगाला थोडा कडक लागतो, किंमतही जास्त असते, म्हणून सुट्टीत चार दिवस समुद्रावर जाणाऱ्याने त्यासाठी पैसे घालायची गरज नाही. त्या मुलीसाठी यंदा तसाच घेतला आहे, आणि शॉवरखालची दोन मिनिटं ती त्यातही पाळते.