क्लेममधून पैसे कापले, तर कंपनीला ‘कुठल्या कलमाखाली’ हे लेखी विचारताना या चुका टाळा

हेल्थ इन्शुरन्सचा क्लेम पास झाला, पैसे खात्यात आले, पण हॉस्पिटलच्या बिलापेक्षा बरेच कमी. सेटलमेंट लेटर उघडून बघितलं तर कपातीच्या कारणापुढे एकच ओळ, ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार’. आता अटी-शर्ती म्हणजे चाळीस-पन्नास पानांचं पुस्तक, त्यातलं नेमकं कुठलं वाक्य लावलं हे कंपनीलाच सांगायला लावायचं, आणि तेही लेखी. पत्र छोटंच असतं, पण लोक ते असं लिहितात की उत्तरात पुन्हा तीच ओळ येते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ‘माझे पैसे का कापले?’ असं विचारणं. ‘का’ला उत्तर द्यायला कस्टमर केअरकडे तयार मजकूर असतो, तो कॉपी-पेस्ट होतो आणि तुमची तक्रार सिस्टीममध्ये क्लोज पण होते. त्यापेक्षा असं विचारा की ज्याचं उत्तर फक्त कलमाचा नंबर आणि त्याचा मजकूरच असू शकतो. प्रत्येक कपातीसाठी तीन गोष्टी मागायच्या: कलमाचा क्रमांक आणि पान, त्या कलमातली वाक्यं जशीच्या तशी (सारांश नको), आणि त्या वाक्यावरून आकडा कसा काढला त्याचं गणित. तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच असते, कारण कलम बरोबर आणि गणित चुकीचं असं पुष्कळदा होतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवलेत. पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ५,०००, पेशंटने घेतली ८,०००ची रूम, चार दिवस. बिल असं: रूम ३२,०००, सर्जनची फी ६०,०००, ऑपरेशन थिएटर ३०,०००, औषधं ४०,०००, इम्प्लांट २५,०००, तपासण्या १३,०००. एकूण २ लाख. कंपनीने दिले १,२५,०००, म्हणजे अख्ख्या बिलाला ५ भागिले ८, म्हणजे साडेबासष्ट टक्के लावले. याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात, रूम महागडी घेतली की बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापायचा.

फोनवर विचारलं तर ‘सर रूम लिमिट क्रॉस झालीये’ एवढंच सांगतात, आणि ते खोटं नसतंच, म्हणून माणूस गप्प बसतो. पण कलमाचा पूर्ण मजकूर हातात आला की दिसतं, कपात लागते ती ‘संलग्न वैद्यकीय खर्चा’ला, आणि त्याची व्याख्या पुढच्या कुठल्यातरी पानावर असते. बऱ्याच पॉलिसींमध्ये त्या व्याख्येतून औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या स्पष्टपणे वगळलेल्या असतात. या पॉलिसीतही तसंच आहे असं धरा. मग रूमचे २०,००० (४ दिवस गुणिले ५,०००), सर्जन आणि थिएटरच्या ९०,०००चे साडेबासष्ट टक्के म्हणजे ५६,२५०, आणि औषधं-इम्प्लांट-तपासण्यांचे ७८,००० पूर्ण. बेरीज १,५४,२५०. फरक २९,२५०चा. म्हणून पत्रात नुसतं कलम नाही, त्यात वापरलेल्या शब्दांच्या व्याख्याही मागायच्या.

दुसरी चूक, एकाच पत्रात सगळं कोंबणं. हॉस्पिटलमध्ये किती हाल झाले, एजंट काय बोलला होता, इतकी वर्षं प्रीमियम भरतोय, आणि शेवटी कुठेतरी कलम मागितलेलं. वाचणारा त्यातला सोपा मुद्दा उचलतो, एजंटबद्दल दिलगिरी व्यक्त करतो आणि विषय संपतो. पहिल्या पत्रात फक्त कलम मागा, पैशांची मागणी आणि भांडण दुसऱ्या पत्रात. मात्र एक वाक्य पहिल्याच पत्रात हवं, की मिळालेली रक्कम मी अंशतः म्हणून घेतोय, पूर्ण आणि अंतिम म्हणून नाही. आणि डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे क्लेमचे पैसे मान्य असल्याची पावती, सहीला आलं असेल तर त्यावर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलंय का ते सही करायच्या आधी वाचा, नंतर वाचून फारसा उपयोग नसतो.

पत्र साधारण असं:

‘विषय: क्लेम क्र. ____, पॉलिसी क्र. ____, कपातीचं कलम लेखी कळवण्याबाबत.
आपल्या दिनांक ____ च्या सेटलमेंट लेटरमध्ये ७५,००० इतकी कपात दाखवली आहे. कारण “अटी व शर्तींनुसार” एवढंच दिलं आहे. कृपया प्रत्येक कपातीसाठी पुढील माहिती दिनांक ____ पर्यंत लेखी द्यावी: (१) लागू केलेल्या कलमाचा क्रमांक, पान आणि संपूर्ण मजकूर, (२) त्यात वापरलेल्या संज्ञांच्या पॉलिसीतील व्याख्या, (३) बिलातील प्रत्येक ओळीवर केलेली आकडेमोड, (४) ॲडमिशनच्या तारखेला लागू असलेल्या पॉलिसी वर्डिंगची प्रत. मिळालेली रक्कम मी अंशतः म्हणून स्वीकारली असून उर्वरित रकमेवरील हक्क सोडलेला नाही.’

यातला चौथा मुद्दा उगाच नाहीये. लोक वेबसाइटवरून वर्डिंग डाउनलोड करतात आणि त्यावरून वाद घालतात, पण तिथे असतं सध्याचं व्हर्जन. मध्ये रिन्यूअल झालं असेल, प्लॅन बदलला असेल तर कलमांचे नंबरच जुळत नाहीत आणि कंपनी म्हणते तुम्ही चुकीचं डॉक्युमेंट वाचताय. तुम्हाला लागू ती पॉलिसी, जी ॲडमिट झाल्याच्या दिवशी चालू होती.

पत्र फक्त टीपीएला, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, पाठवणं हीपण एक चूक. टीपीए क्लेमचे कागद बघतो, पण पॉलिसीचा करार तुमचा कंपनीशी आहे, तेव्हा मेल कंपनीच्या तक्रार विभागाला आणि टीपीएला कॉपी. फोनवर कोणी समजावून सांगितलंच तर त्याच दिवशी मेल टाका, ‘आपण फोनवर अमुक कलम सांगितलंत, लेखी कन्फर्म करा’.

उत्तर आलं की ते चाळणीतून काढा. नुसतं शीर्षक दिलंय, जसं की ‘वाजवी आणि प्रचलित दर’, तर ते अर्धंच उत्तर आहे. कोणाच्या दराशी तुलना केली, त्याच भागातल्या तशाच हॉस्पिटलशी केली का, हे विचारा. कधी कधी कलम म्हणून व्याख्येचंच पान पाठवतात, पण व्याख्या फक्त शब्दाचा अर्थ सांगते, त्यावरून किती कापायचं ते दुसऱ्या कलमात असावं लागतं, ते मागा. बिल पॅकेजचं असेल तर मात्र थोडी अडचण आहे, त्यात औषधं किती नि सर्जन किती हे वेगळं दिसतच नाही, मग आधी हॉस्पिटलकडून ब्रेकअप घ्या, नाहीतर कंपनीचं गणित खोडता येत नाही.

आणि कलम-मजकूर-गणित तिन्ही जुळलं, तर पैसे मिळणार नाहीत, को-पे, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा तुम्हीच भरायची अट, किंवा ठरावीक आजाराची सब-लिमिट, म्हणजे त्या आजारासाठी वेगळी कमाल रक्कम, असेल तर बहुतेक वेळा असंच होतं. जुळलं नाही तर दुसरं पत्र, त्यात कंपनीनेच दिलेली वाक्यं उद्धृत करून तुमचा आकडा मांडायचा. फक्त तारखांकडे लक्ष ठेवा. वरच्या पातळीवर तक्रार करायला मुदत असते आणि तुम्ही कलम मागत बसलात म्हणून ती थांबेल असं धरून चालू नका. पहिल्या पत्रातच उत्तरासाठी तारीख द्या, त्या तारखेला उत्तर नाही आलं तर एक आठवण, आणि तरी शांतताच असेल तर ‘कलम मागूनही दिलं नाही’ हाच तक्रारीचा पहिला मुद्दा करून सेटलमेंट लेटर आणि दोन्ही मेल जोडून पुढे पाठवा.